मध्ये दोन तासांचा हॉल्ट आहे, लाऊंजमध्ये जाऊ का? गोव्याहून पहिल्यांदाच कनेक्टिंग फ्लाईट घेणाऱ्यांसाठी

चवथ झाली की आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला. कोणीतरी शिकायला नाहीतर नोकरीला परत चाललेलं असतं, मोपाहून मुंबई आणि तिथून पुढे कुठेतरी, आणि बॅग भरता भरता विचारतं, "माझ्या कार्डावर लाऊंज फ्री आहे म्हणे, मुंबईत दोन तास आहेत, जाऊ ना?" मी कामासाठी महिन्यातून दोनदा तरी उडतो त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो, आणि दरवेळी फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी माझं मत सांगून टाकतो. हॉल्ट अडीच तासांपेक्षा कमी असेल तर मधल्या एअरपोर्टवर लाऊंजच्या नादाला लागू नका, तेच कार्ड निघताना मोपाला किंवा दाबोळीला वापरा. का ते आता मिनिटं मोजून दाखवतो, कारण तिकिटावर लिहिलेले दोन तास आणि तुमच्या हातात खरे येणारे दोन तास यात खूप फरक असतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तो दिसतच नाही.

सुरुवात तिकिटापासून, कार्डापासून नाही

कार्डाचं नंतर बघू, आधी तिकीट उघडा आणि दोन गोष्टी बघा.

एक, दोन्ही फ्लाईट एकाच पीएनआरवर आहेत का. एकच पीएनआर असेल तर तुमची चेक-इन बॅग सरळ शेवटच्या गावाला जाते आणि तुम्ही आतल्या आत ट्रान्सफरच्या बाजूने पुढे जाता. पण बरेचजण काय करतात, स्वस्त पडतं म्हणून गोवा-मुंबई वेगळं काढतात आणि पुढचं तिकीट वेगळ्या कंपनीचं काढतात. मग मुंबईत बेल्टवर बॅगेची वाट बघायची, बाहेर यायचं, परत गेटवर तिकीट दाखवून आत शिरायचं, परत बॅग द्यायची, परत सिक्युरिटी. आणि बॅग घेणारा काउंटर देशांतर्गत फ्लाईटला साधारण सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. म्हणजे दोन तासांचा हॉल्ट असेल तर बॅग घेऊन परत काउंटरवर पोचायला तुमच्याकडे जेमतेम एक तास आहे. अशा वेळी लाऊंजचा विषयच डोक्यात आणू नका, विमान मिळालं तरी देवाला नारळ द्या.

दोन, टर्मिनल. मुंबईला टी१ आणि टी२ या दोन वेगवेगळ्या इमारती आहेत, चालत जायच्या अंतरावर नाहीत, रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत आणि त्या रस्त्यावर मुंबईचं ट्रॅफिक असतं. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा एअरपोर्ट पण सुरू झालाय, त्यामुळे आता तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून चालत नाही, BOM आहे की NMI आहे ते बघायचं. एका एअरपोर्टवर उतरायचं आणि दुसऱ्यावरून उडायचं असं बुकिंग असेल तर तो हॉल्ट नाही, तो प्रवास आहे. बंगळुरूला पण दोन टर्मिनल आहेत पण ती एकमेकांच्या जवळ आहेत, हैदराबादला सगळं एकाच इमारतीत, त्यामुळे कमी वेळाचा हॉल्ट घ्यायचाच असेल तर मला हैदराबाद बरं वाटतं.

आपल्याकडेही हीच भानगड आहे हे विसरू नका. मोपा GOX, दाबोळी GOI. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला तरी अजून वर्षाला एखादा पाहुणा चुकीच्या एअरपोर्टवर जाऊन बसतोच.

आता मिनिटं मोजू

माझी भाची साखळीची, नागपूरला शिकते. चवथ करून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत चालली होती, मोपा-मुंबई-नागपूर, एकच पीएनआर, दोन्ही फ्लाईट टी२ ला. मुंबईत पोचायचं २:१०, पुढचं विमान ४:००. म्हणजे एक तास पन्नास मिनिटं. तिला वाटलं आरामात बसू, जेवू, मोबाईल चार्ज करू. पहिलाच लाऊंज होता तिचा, म्हणून मी म्हटलं प्रत्येक टप्प्याला वेळ लिहून ठेव, आणि पोरीने खरंच व्हॉट्सॲपवर मला एकेक टाकलं, म्हणून हे आकडे माझ्याकडे आहेत.

विमान वेळेवर आलं, २:१० ला थांबलं. दरवाजा उघडला २:१६ ला. ती तेविसाव्या रांगेत, पुढचे सगळे वरच्या बॅगा काढत उभे, ही बाहेर पडली २:२७ ला. चालत ट्रान्सफरच्या सिक्युरिटीपर्यंत २:३८. हो, परत सिक्युरिटी, हे नवीन लोकांना माहीत नसतं, मोपाला एकदा तपासलं म्हणून मुंबईत सोडत नाहीत. तिथे रांग मोठी नव्हती पण हिचा ट्रे बाजूला काढला, कारण आईने हातातल्या बॅगेत नेवऱ्यांचा स्टीलचा डबा दिला होता, वरून घट्ट कपडा बांधलेला. तो सोडवला, उघडला, जवानाने आत बघितलं, परत मशीनमधून घातला. ती म्हणाली, "मामा, मागचे सगळे माझ्या नेवऱ्यांकडे बघत होते." मोकळी झाली २:५७ ला.

म्हणजे एकशेदहा मिनिटांतली सत्तेचाळीस गेली, आणि यात काहीही चुकलेलं नाही, उशीर नाही, बस नाही. विमान इमारतीला जोडणाऱ्या पुलाला न लावता लांब उभं केलं आणि बसने आणलं तर अजून दहा-पंधरा मिनिटं धरा.

मग लाऊंज शोधला, वरच्या मजल्यावर. बाहेर नऊ माणसं उभी. प्रत्येकाचा बोर्डिंग पास स्कॅन, कार्ड स्वाइप, मग कोणाचं कार्ड चालत नाही, तो दुसरं काढतो, मग बायकोचं काढतो, असं करत हिचा नंबर आला ३:१० ला. हिचंही पहिलं कार्ड नाकारलं (ते का ते खाली सांगतो), दुसरं चाललं, ३:१३ ला आत.

आणि बोर्डिंग पासवर बोर्डिंगची वेळ छापली होती ३:१५.

बोर्डिंग सुरू झालं म्हणजे विमान निघालं असं नाही, पण गेट बऱ्याच कंपन्या सुटण्याच्या पंचवीस मिनिटं आधी बंद करतात, म्हणजे हिच्या बाबतीत ३:३५. तिने अर्धी ताटली उपमा खाल्ला, चहा गरम होता म्हणून तसाच ठेवला, ३:२३ ला उठली. स्क्रीनवर बघते तर गेट बदललेलं. जवळजवळ पळत ३:३१ ला पोचली. चार मिनिटं राखून. लाऊंजमध्ये एकूण बसली दहा मिनिटं, चार्जर बॅगेतून बाहेर पण काढला नाही.

ह्या एका दिवसावरून नाही, माझ्या स्वतःच्या इतक्या फेऱ्यांवरून मी एक हिशोब धरतो. उतरून सिक्युरिटी होईपर्यंत ४५ मिनिटं. पुढच्या विमानाच्या ४० मिनिटं आधी गेटवर हजर. लाऊंज शोधणं, बाहेरची रांग आणि तिथून गेटपर्यंत चालणं मिळून २०. झाले १०५. तुमचा हॉल्ट मिनिटांत लिहा आणि त्यातून १०५ वजा करा, उरेल तो लाऊंजमध्ये खुर्चीवर बसायचा वेळ. भाचीचे ११० मधून १०५ गेले, उरले ५, तिने गेटवर उशिरा जाऊन ते दहा केले एवढंच. अडीच तासांचा हॉल्ट असेल तर उरतात ४५, त्यात निवांत खाऊन, तोंड धुऊन, फोन थोडा चार्ज करून होतं. तीन तासांना सव्वा तास उरतो, तेव्हा जरूर जा. पाऊण तासापेक्षा कमी उरत असेल तर मी जात नाही.

हे सगळं देशांतर्गत. पुढचं विमान दुबई-मस्कतचं असेल तर मध्ये इमिग्रेशन येतं, आणि ती रांग किती असेल ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून तिथे मी अजून पाऊण तास धरतो. आणि उलट, आखातातून येऊन मुंबईमार्गे गोव्याला येत असाल तर बहुतेक वेळा मुंबईतच इमिग्रेशन, बॅग घेणं, कस्टम, परत बॅग देणं असं सगळं करावं लागतं. तिथे चार तास सुद्धा जास्त नाहीत.

कार्डाचं काय ते घरी बसून बघा, काउंटरवर नाही

भाचीचं पहिलं कार्ड का चाललं नाही? ते क्रेडिट कार्ड होतं, भाऊजींच्या कार्डावरचं ॲड-ऑन. घेताना सांगितलेलं लाऊंज फ्री. पण २०२३-२४ पासून बऱ्याच बँकांनी नियम बदललेत, आता आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च केला असेल तरच पुढच्या तिमाहीत लाऊंज मिळतो. उदाहरण द्यायचं तर आयसीआयसीआयच्या बऱ्याच कार्डांना एप्रिल २०२४ पासून ही अट आधी ३५,००० रुपयांची होती, मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ७५,००० झाली. म्हणजे नियम एकदा वाचून झालं असं नाही, वर्षात दोनदा बदलू शकतो. आणि तिमाही म्हणजे कॅलेंडरची, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून, अशी. सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर एप्रिल ते जूनमधला खर्च बघतात, चवथीच्या बाजारात ऑगस्टमध्ये केलेला खर्च सप्टेंबरला कामाला येत नाही, तो ऑक्टोबरला येतो. भाऊजींनी जूनपर्यंत ते कार्ड फारसं वापरलंच नव्हतं. शिवाय ॲड-ऑन कार्डाला वेगळा कोटा आहे की मुख्य कार्डातलाच धरतात हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, ते विचारून घ्या.

दुसरं चाललं ते तिचं स्वतःचं रुपे प्लॅटिनम डेबिट कार्ड. अशा कार्डांवर बहुतेक बँका तिमाहीला एक भेट देतात आणि मशीनवर २ रुपये कापतात. हे २ रुपये कार्ड खरं आहे आणि चालू आहे हे बघायला असतात, परत मिळत नाहीत, पण दोन रुपयांसाठी कोण भांडतंय.

आता निघायच्या आठवडाभर आधी काय करायचं ते सांगतो, यात दहा मिनिटं जातात.

बँकेच्या ॲपमध्ये किंवा साईटवर तुमच्या कार्डाचं पूर्ण नाव टाकून लाऊंजचं पान उघडा. नुसतं बँकेचं नाव नाही, कार्डाचं पूर्ण नाव, कारण एकाच बँकेची दहा कार्डं असतात आणि प्रत्येकाचं वेगळं. तिथे तीन गोष्टी शोधा. तिमाहीला किती भेटी, त्यासाठी आधी किती खर्च लागतो, आणि तुमच्या टर्मिनलचा लाऊंज यादीत आहे का. ही तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. यादीत 'मुंबई' असं दिसतं, पण तो लाऊंज टी२ च्या आंतरराष्ट्रीय बाजूला असतो आणि तुम्ही देशांतर्गत बाजूला, मध्ये इमिग्रेशनची भिंत, तुम्हाला तो काचेतून पण दिसत नाही.

मग बघा की प्रवेश कसा आहे, कार्ड स्वाइप करून की कोडवर. काही बँकांनी आता स्वाइप बंद करून एसएमएसने लिंक किंवा क्यूआर कोड द्यायला सुरुवात केलीय, तो कोड आधी काढून ठेवावा लागतो. बँक आणि लाऊंज यांच्यामध्ये एक एजन्सी असते, स्वाइप झाल्यावर 'हो' किंवा 'नाही' तिच्याकडून येतं. भारतात या धंद्यातली मोठी एजन्सी म्हणजे ड्रीमफोक्स, तिने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाऊंजची सेवा बंद केली, तेव्हा बऱ्याच कार्डांची पद्धत बदलली. म्हणून "गेल्या वर्षी तर चाललं होतं" ह्याला काही अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून गेलात तर तोंडावर पडाल.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला नडलीय. ॲपमध्ये कार्डाचे व्यवहार चालू-बंद करायची बटणं असतात ना, ऑनलाईन, परदेशी, मशीनवर वगैरे. नवीन डेबिट कार्ड आपण फक्त एटीएमला वापरतो, दुकानातल्या मशीनवर स्वाइपचं बटण कधी बंद असलं तर लक्षातच येत नाही. मग २ रुपये पण कापले जात नाहीत आणि मशीन 'डिक्लाइन' दाखवतं, आपण म्हणतो कोटा संपला वाटतं, आणि मागे फिरतो. मी असाच एकदा परत आलो, गेटवर बसून ॲप उघडलं तेव्हा कळलं, तोवर बोर्डिंग सुरू. ओळखायचं कसं, तर बँकेचा मेसेज वाचा. व्यवहार बंद असल्यामुळे नाकारला असेल तर बहुधा लगेच तसा एसएमएस येतो. कोटा किंवा खर्चाची अट असेल तर बँकेकडून काहीच येत नाही, फक्त लाऊंजवाला मान हलवतो.

कार्ड मात्र प्लास्टिकचं खरं घेऊन जा. फोनवरचा फोटो चालत नाही. नाव बोर्डिंग पासशी जुळायला हवं, त्यामुळे नवऱ्याचं कार्ड घेऊन बायको एकटी गेली तर आत सोडणार नाहीत. दोघं असाल तर दोघांची दोन कार्डं लागतात. लहान मूल दोन वर्षांखालचं बहुतेक ठिकाणी फुकट, त्यावरचं असेल तर विचारा.

प्रायॉरिटी पास: हातात आहे म्हणजे फुकट नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बँक महागडं क्रेडिट कार्ड देते तेव्हा सोबत प्रायॉरिटी पासचं वेगळं कार्ड किंवा ॲपमधलं मेंबरशिप देते. ही बँक नाही, परदेशातली कंपनी आहे, जगभरातल्या लाऊंजशी तिचा करार असतो. आता गंमत बघा, बँकेने तुम्हाला मेंबरशिप फुकट दिली म्हणजे भेटी फुकट दिल्या असं नाही. भारतीय बँकांचे बरेचसे पास परदेशातल्या लाऊंजसाठी ठराविक भेटी फुकट देतात, आणि तोच पास तुम्ही मुंबईत किंवा मोपात दाखवला तर लाऊंजवाला हसून आत घेतो, कोणी काही मागत नाही, सही करता किंवा स्कॅन करता, पोहे खाऊन येता, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात डॉलरमध्ये रक्कम.

ती किती? बँकेप्रमाणे माणशी २७ डॉलर किंवा त्याहून जास्त असते. २७ डॉलरवर १८ टक्के जीएसटी धरला की ३१.८६ डॉलर, डॉलर ८८ रुपये धरला तर २,८०० च्या वर, आणि त्यावर बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप वेगळा. सोबत पाहुणा नेलात तर त्याचे परत तेवढेच. आमच्या ओळखीतल्या एका काकींनी मुलगा-सून आणि स्वतः असे तिघांचे पास वापरून 'फुकट' नाश्ता केला होता, बिल आलं तेव्हा काकी म्हणाल्या, एवढ्यात आमच्या म्हापशाच्या बाजारात सबंध चवथीची माटोळी झाली असती.

तर देशांतर्गत हॉल्टला प्रायॉरिटी पास खिशातच ठेवा, क्रेडिट किंवा डेबिट कार्ड पुढे करा. काउंटरवरचा माणूस जर तुमच्या पाकिटात दोन्ही बघून "हा द्या" म्हणून प्रायॉरिटी पासकडे बोट दाखवत असेल तरी नाही म्हणा. पासच्या भारतातल्या भेटी फुकट आहेत असं बँकेने लेखी दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

मुंबईत उतरल्यावर काय करायचं

समजा हिशोबात पाऊण तास उरतोय आणि कार्ड पण पक्कं आहे. तरी सिक्युरिटी झाल्यावर एकदा घड्याळ बघा आणि हिशोब परत करा, कारण गोव्याहून निघतानाच विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं असेल तर तो पाऊण तास आता पंचवीस मिनिटं झालाय. पावसाळ्यात तर मुंबईच्या वर गोल गोल फिरवतात ते वेगळंच.

आधी गेट नंबर बघा आणि मग लाऊंज. लाऊंज एका टोकाला आणि गेट दुसऱ्या टोकाला असेल तर टी२ मध्ये दहा-बारा मिनिटं चालायला लागतात.

लाऊंजच्या बाहेर किती माणसं उभी आहेत ते मोजा. माणशी दीड मिनिट धरा. दहा जण म्हणजे पंधरा मिनिटं. रांग हलतच नसेल, म्हणजे आत जागा नाही म्हणून अडवलंय, तर सोडून द्या, कारण आतला एक उठेल तेव्हा बाहेरचा एक जाणार, याला काही वेळेचा अंदाज नसतो. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी ही परिस्थिती मी नेहमी बघतो.

आत गेलात तर अशा जागी बसा जिथून स्क्रीन दिसते, आणि फोनवर गेटकडे निघायच्या वेळेचा अलार्म लावा. हे मी उगाच सांगत नाही, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली हे सगळे सायलेंट एअरपोर्ट आहेत, तुमच्या नावाने कोणी ओरडत नाही. गेट बदललं तर एसएमएस येईल किंवा येणारही नाही, स्क्रीनवर मात्र बदलतं. आपल्याकडे कदंबाचा कंडक्टर "पणजी पणजी" करत बोलवतो तसं काही तिथे नाही.

मग कार्ड वापरायचं कुठे?

निघताना. मोपालाच.

विचार करा, पहिल्या एअरपोर्टवर वेळ तुमच्या हातात असतो. मुंबईतला हॉल्ट एअरलाइन ठरवते, घरून निघायची वेळ तुम्ही ठरवता. साखळीहून मोपा तासाभराचा रस्ता, मडगावकरांना दीड तास तरी, कदंबाच्या बसने जास्तच. रस्त्यात काय होईल सांगता येत नाही म्हणून आपण तसेही लवकर निघतो आणि मग आत जाऊन दीड तास खुर्चीवर बसून राहतो. तोच वेळ लाऊंजला द्या. भाचीचं विमान १२:४० ला होतं. १०:३० ला पोचली असती, बॅग देऊन, सिक्युरिटी होऊन ११:०५, बोर्डिंग ११:५५. म्हणजे लाऊंजमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटं आरामात, रांग धरून सुद्धा. मोपाचा एअरपोर्ट मुंबईएवढा पसरलेला नाही, गेट जवळ. बहुतेक लाऊंज दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसू देत नाहीत, त्यामुळे पहाटेच जाऊन बसायचा बेत मात्र करू नका.

आणि कोट्याचा प्रश्न आहेच. डेबिट कार्डावर तिमाहीला एकच भेट असते, मग तुम्ही आत दहा मिनिटं बसा नाहीतर दोन तास, मोजली एकच जाते. भाची सप्टेंबरच्या शेवटी दसऱ्याच्या सुट्टीला घरी येत होती, नागपूर-मुंबई-मोपा, आणि मुंबईहून मोपाचं विमान चार तास लेट झालं. तेव्हा खरी लाऊंजची गरज होती. पण तिमाही तीच, जुलै-सप्टेंबर, तिचा कोटा त्या अर्ध्या ताटली उपम्यात संपलेला. एक ऑक्टोबरला तो परत चालू झाला असता, तीन दिवसांनी. ती गेटजवळच्या खुर्चीवर बसली आणि अडीचशे रुपयांची कॉफी घेतली.

म्हणून मी आता असं सांगतो, जाताना-येताना दोन्ही प्रवास एकाच तिमाहीत असतील आणि भेट एकच असेल तर ती परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवा, त्यातही संध्याकाळच्या फ्लाईटला, कारण दिवसभराचा उशीर साचत साचत संध्याकाळच्या विमानावर येऊन पडतो. परतीला काहीच झालं नाही तर भेट वाया जाते, जाऊ दे, दोन रुपयांची गोष्ट.

छोट्या हॉल्टला काय करायचं मग? सिक्युरिटी झाल्यावर सरळ गेटवर जायचं, तिथल्या खांबाला प्लग असतो तो पकडायचा, रिकामी बाटली भरून घ्यायची आणि घरचं खायचं. कोरडा खाऊ सिक्युरिटीला चालतो. फक्त पातळ काही नको, सोलकढी-बिलकढी हातातल्या बॅगेत घालून कोणी जाऊ नका, काढून ठेवतात. भाचीने यंदा नेवऱ्या स्टीलच्या डब्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात नेल्या, ट्रेमध्ये वेगळा ठेवला, कोणी उघडायला सांगितला नाही. २:५० ला ती गेटवर होती, तीन नेवऱ्या खाल्ल्याचा फोटो आला मला.

आईने विचारलं, शेजारच्या माणसाला दिलीस का एखादी? म्हणाली, दिली, तो पण मडगावचा निघाला.